फोटोतल्या आकड्यांचा मराठी तक्ता: गाडीच्या मायलेजचं प्रतिगमन

सर, तुम्ही काल पाठवलेला स्क्रीनचा फोटो वाचून उतरवला आहे. सोमवारी मोटर मेकॅनिकच्या मुलांना दाखवायचा आहे म्हणालात, म्हणून तक्ता त्यांच्याच भाषेत केला. एकच बदल केला आहे. मुलं ‘गाडी किती अ‍ॅव्हरेज देते’ म्हणतात, पण इथे सरासरीचाही विषय निघतो, म्हणून सगळीकडे ‘मायलेज’ असं लिहिलं.

फोटोतला मजकूर असा:

```
lm(mpg ~ wt + qsec + am, data = mtcars)

            Estimate Std. Error t value Pr(>|t|)
(Intercept)   9.6178     6.9596   1.382 0.177915
wt           -3.9165     0.7112  -5.507 6.95e-06 ***
qsec          1.2259     0.2887   4.247 0.000216 ***
am            2.9358     1.4109   2.081 0.046716 *
```

`am` च्या ओळीवर ट्यूबलाइटची चमक आली होती. 1.4 च्या पुढचा आकडा दिसत नव्हता, पण अंदाजाने लिहिला नाही. पहिल्या रकान्याला दुसऱ्याने भागलं की तिसरा यायला हवा. तिथे 0 धरला तर २.०९६ येतं, 2 धरला तर २.०६६. 1 धरल्यावरच २.०८१ जुळतं. बाकीच्या तीन ओळीही अशाच भागून पाहिल्या, त्या बरोबर आहेत. `wt` च्या मागचं उणे चिन्ह फोटोत फार पुसट आहे. T चा आकडा उणे आहे, म्हणजे तेही उणेच.

ही माहिती अमेरिकेतल्या मोटर ट्रेंड मासिकाच्या १९७४ सालातली, ३२ गाड्यांची. मायलेज मैल प्रति गॅलनमध्ये आहे. १ म्हणजे आपले साधारण ०.४२५ किलोमीटर प्रति लिटर.

| ओळ | सहगुणक | साध्या भाषेत | आकडा किती भरवशाचा |
|---|---|---|---|
| `wt` (वजन, हजार पौंडांत) | −३.९२ | बाकी दोन गोष्टी सारख्या असताना १,००० पौंड, म्हणजे सुमारे ४५४ किलो जास्त वजनाच्या गाडीचं मायलेज ३.९२ ने, म्हणजे लिटरमागे जवळपास १.७ किमीने कमी. | तीन तारे. वजनाचा खरंच काही संबंध नसता, तर इतका मोठा आकडा निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता दहा लाखांत सात. |
| `qsec` (पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर पार करायला लागणारे सेकंद) | +१.२३ | एक सेकंद जास्त घेणारी, म्हणजे पळायला मंद गाडी लिटरमागे सुमारे अर्धा किमी जास्त देते. | तीन तारे. तशी शक्यता दहा हजारांत दोन. |
| `am` (० ऑटोमॅटिक, १ हाताने गिअर टाकायची) | +२.९४ | तितक्याच वजनाच्या आणि तितक्याच वेगवान ऑटोमॅटिकपेक्षा गिअरवाली लिटरमागे सव्वा किमी जास्त. | एकच तारा. शक्यता शंभरात पाचाला जेमतेम कमी. |
| `(Intercept)` | ९.६२ | वजन शून्य आणि वेळही शून्य अशा ऑटोमॅटिक गाडीचं मायलेज. अशी गाडी नसते. हिशेब जुळवायला लागणारा आकडा. | तारा नाही (०.१७८). त्याची काळजी करायची नाही, ओळ काढायचीही नाही. |

फोटोच्या तळाशी R-squared 0.8497 आहे: या ३२ गाड्यांच्या मायलेजमधल्या फरकापैकी ८५ टक्के फरक या तिन्ही गोष्टी मिळून समजावतात.

मुलं दोन ठिकाणी अडखळतील. ३.९२ हा १.२३ पेक्षा मोठा, म्हणून वजन तिप्पट महत्त्वाचं, असं कुणी म्हणालं तर थांबवा. एक आकडा हजार पौंडांमागे आहे, दुसरा सेकंदामागे. त्यांची तुलनाच होत नाही. आणि तारे परिणामाचा मोठेपणा सांगत नाहीत. `qsec` ला तीन तारे, `am` ला एक, म्हणून `qsec` चा परिणाम मोठा, असं होत नाही.

माझा खरा आग्रह `am` च्या ओळीबद्दल आहे. तिची ९५ टक्क्यांची मर्यादा ०.०५ पासून ५.८३ पर्यंत जाते. म्हणजे गिअरवाल्या गाडीचा फायदा जवळजवळ काहीच नसेल किंवा लिटरमागे अडीच किमीही असेल. दोन्ही या माहितीत बसतं. तुम्ही फोटोखाली ‘मॅन्युअल गाडी जास्त मायलेज देते, सिद्ध’ असं लिहिलंय, त्यातला ‘सिद्ध’ खोडा.

मी एकटं `am` घेऊनही चालवून पाहिलं. तेव्हा फरक ७.२४५ येतो आणि तीन तारे मिळतात. पण या माहितीतल्या १३ गिअरवाल्या गाड्यांचं सरासरी वजन सुमारे १,०९४ किलो, तर १९ ऑटोमॅटिकचं १,७१० किलो. हलकेपणाचं श्रेय गिअरबॉक्सला जात होतं. वजन आणि वेळ हिशेबात आल्यावर ७.२४५ चे २.९४ उरले. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि फरक कुठे गेला ते मुलांनाच विचारा. चेसिस उचलून पाहिलेली मुलं आहेत, त्यांना वजन लगेच सुचेल.