देवरुखच्या खो-खो अकादमीसाठी तीन कल्पना, आणि त्यातली पहिली कोणती

ताई,

तू म्हणालीस तसं सविस्तर लिहिते आहे. भाऊजींनाही वाचायला दे, पैशांचे प्रश्न तेच विचारणार.

आधी एक सांगते. बोर्ड, लोगो, टी-शर्ट यांवर यंदा एक रुपयाही घालायचा नाही. दादरला आपण ज्या मैदानावर घडलो तिथे तरी काय होतं? दोन खांब, चुन्याची फक्की आणि ओरडणारे सर. गावात तुझं नाव अजून राज्य स्पर्धेमुळे ओळखलं जातं, तेच तुझं भांडवल.

पहिली कल्पना, मुलींची कायमची बॅच. वय नऊ ते चौदा, शाळा सुटल्यावर दीड तास, आठवड्यातून पाच दिवस. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ जिंकले. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आपल्याच महाराष्ट्राची. पालकसभेत हे आवर्जून सांग. शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षणही सांग, पण नोकरीचं आश्वासन देऊ नकोस. फी महिना 300 रुपये. ज्या घरी तेही जड जाईल तिथे माफ, आणि ते चारचौघांत बोलायचं नाही. या बॅचमध्ये पैसा सुटणार नाही, पण अकादमी म्हणजे खरं तर हीच.

दुसरी, पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी शनिवार-रविवार सकाळी धावणं, उड्या, लपंडाव, लंगडी. इथे खो-खो शब्दही काढायचा नाही. मोबाइल सुटत नाही म्हणून वैतागलेले आईबाप फी आनंदाने देतात. ही बॅच दुसऱ्या वर्षी.

तिसरी मला सगळ्यात आवडते, आणि सुरुवात हिच्यापासूनच कर: मे महिन्यातलं चाकरमान्यांच्या मुलांचं शिबिर. मेमध्ये आमच्या परळ-लालबागची निम्मी चाळ कोकणात असते. मुलं आठ दिवस आंबे-फणस खातात, मग आजीला पिडतात. पंधरा दिवसांचं शिबिर ठेव, रोज सकाळी साडेसहा ते साडेआठ, फी 1,500 रुपये. चाळीस मुलं आली तर 60,000 रुपये जमतात. त्यातून दोन खांब, चुना, प्रथमोपचार पेटी आणि दोन मदतनीस मुलींचं मानधन निघून वर्षभराच्या मुलींच्या बॅचला हातभार लागेल. स्थानिक मुलांना फी निम्मी, नाहीतर गाव म्हणेल मुंबईकरांसाठीच काढलंय. इकडची माहिती पोचवणं माझ्याकडे. आमच्या चाळीच्या ग्रुपवर मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच टाकते, गाडीची तिकिटं तर लोकांनी त्याच्याही आधी काढलेली असतात.

खांब स्थानिक सुताराकडून करून घे. जमिनीवर 120 ते 125 सेंटिमीटर, गोल, गुळगुळीत, कुठेही कंगोरा नको. खांबावर झेप घेताना हाताची साल कशी निघते, तुला सांगायला नको. तुमची जमीन जांभ्याची. शिबिराआधी खडे वेचून घ्यायचे आणि वर माती टाकून पाणी मारायचं. सूर मारायला पहिल्या आठवड्यात कुणालाच सोडू नकोस, फक्त पाटीवरून उठणं, खो देणं आणि दिशा. मुंबईची मुलं उतावीळ असतात, दुसऱ्याच दिवशी सूर मारायला मागतील.

पावसाचं काय, हा तुझा प्रश्न बरोबर आहे. जून ते सप्टेंबर मैदान विसरायचं. पण चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणजे मंगल कार्यालयं रिकामी. मालकाशी आताच बोल, तासाच्या भाड्याने मिळेल. हॉलमध्ये पळापळ नको, फरशी घसरते. जागच्या जागी पायांचं काम, पोटाचे व्यायाम, नियम आणि जुन्या सामन्यांचे व्हिडिओ.

कागदपत्रांत संस्था नोंदवायची घाई नाही. त्यासाठी किमान सात सभासद लागतात, आणि पहिल्याच वर्षी सात जणांचं राजकारण कशाला? शाळेच्या स्पर्धांना मुली शाळेकडूनच उतरतात, तेव्हा क्रीडाशिक्षकांना विश्वासात घे. श्रेय त्यांना जाऊ दे. पुढच्या उन्हाळ्यात पतियाळाच्या एनआयएसचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स जमतो का बघू.

आणि हे मात्र न विसरता: प्रत्येक पालकाची लेखी संमती, मैदानावर तुझ्याशिवाय आणखी एक मोठी बाई कायम, आणि मदतनीस कितीही ओळखीचा असला तरी मुलींना एकटं सोडायचं नाही. या एका बाबतीत तुझ्या भिडस्त स्वभावाला मी घाबरते, म्हणून स्पष्ट लिहिलं.

रविवारी दुपारी फोन करते. तोवर मुख्याध्यापकांना दोनच गोष्टी विचारून ठेव: मेमध्ये मैदान सकाळी मिळेल का, आणि नळाला पाणी असतं का.

तुझी धाकटी,
परळहून