एका ग्लुकोजचा जमाखर्च: ग्लायकोलिसिसपासून इलेक्ट्रॉन वहन साखळीपर्यंत

(रामबाग, इंदूर. अकरावी जीवशास्त्र, रविवारचा वर्ग. अर्धवार्षिकीच्या आधी वाचायची टिपणं.)

गेल्या रविवारच्या चाचणीत प्रश्न होता: एका ग्लुकोजपासून एकूण किती एटीपी मिळतात? उत्तरात अठ्ठावीसचा आकडा लिहिणारे होते, चौतीसवाले होते, छत्तीसवाले होते, आणि एकाने तर बहात्तर लिहिलं. बहात्तरवाल्याची चूक सगळ्यांत शिकण्यासारखी आहे, तिच्याकडे शेवटी येऊ. पाठ केलेला आकडा परीक्षेच्या खोलीत डळमळतो, म्हणून आज हिशेब मांडून बघू.

आपल्या सराफ्यातला जुना व्यवहार आठवा. काही रक्कम रोख मिळायची, बाकीची हुंडी. हुंडी खिशात ठेवून काही विकत घेता येत नाही, ती पेढीवर नेऊन वटवावी लागते. पेशीत एटीपी म्हणजे रोख. एनएडीएच आणि एफएडीएच२ म्हणजे हुंड्या. पेढी एकच: इलेक्ट्रॉन वहन साखळी. पहिल्या तीन टप्प्यांत रोकड अगदी थोडी मिळते, खरी कमाई हुंड्यांची असते.

ग्लायकोलिसिस. पेशीद्रव्यात घडते, ऑक्सिजन लागत नाही. एम्बडेन, मायरहॉफ आणि पार्नास या तिघांच्या नावांवरून तिला ईएमपी मार्ग म्हणतात. दहा पायऱ्या आहेत, पण तुम्हाला तीन जागा पक्क्या हव्यात. पहिली, पदरचे पैसे घालायची: हेक्झोकायनेज आणि फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या विकरांच्या पायऱ्यांवर प्रत्येकी एक, असे २ एटीपी खर्च होतात. दुसरी, सहा कार्बनची साखर तीन-तीन कार्बनच्या दोन तुकड्यांत फुटते. इथून पुढे सगळं दोनदा मोजायचं. तिसरी, वसुली: ४ एटीपी आणि २ एनएडीएच. भांडवल वजा जाता रोख शिल्लक २. प्रश्नात ‘निव्वळ’ हा शब्द आहे का ते बघा, कारण ४ आणि २ दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. हाती उरतात पायरुव्हेटचे २ रेणू.

ऑक्सिजन नसेल तर गाडी इथेच थांबते. पायरुव्हेटपासून आपल्या स्नायूंत लॅक्टेट होतं, यीस्टमध्ये इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड. रविवारच्या पोह्यांसोबतच्या जिलेबीचं पीठ रात्रभर आंबतं, ते याच कुळातलं काम. यात नवा एटीपी मिळत नाही. मिळतो तो रिकामा झालेला एनएडी, म्हणजे ग्लायकोलिसिस पुन्हा चालू शकते. परीक्षेत ‘किण्वनाचा उपयोग काय’ विचारलं तर हेच लिहा.

जोड अभिक्रिया. पायरुव्हेट मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या गरात, म्हणजे मॅट्रिक्समध्ये जातं. (हिंदी माध्यमात सूत्रकणिका, मराठी पुस्तकांत तंतुकणिका, शब्द तीन, वस्तू एकच.) पायरुव्हेट डिहायड्रोजनेज एक कार्बन काढून टाकतं आणि ॲसिटिल को-एन्झाइम ए तयार होतं. दोन पायरुव्हेटचे मिळून २ एनएडीएच, २ कार्बन डायऑक्साइड. रोख काही नाही.

क्रेब्ज चक्र. हान्स क्रेब्ज यांनी हे १९३७ साली कबुतराच्या छातीच्या स्नायूंवर प्रयोग करून मांडलं. ‘नेचर’ने त्यांचा लेख छापला नाही; १९५३ साली याच कामाला नोबेल मिळालं. दोन कार्बनचं ॲसिटिल चार कार्बनच्या ऑक्झॅलोॲसिटेटला चिकटून सहा कार्बनचं सिट्रेट होतं. मग कार्बनचा उतार लक्षात ठेवा: ६ वरून ५, ५ वरून ४. प्रत्येक उतारावर एक कार्बन डायऑक्साइड आणि एक एनएडीएच. पुढे सक्सिनिल को-एन्झाइम ए पासून सक्सिनेट होताना एक जीटीपी (ते एटीपीइतकंच धरायचं), सक्सिनेटपासून फ्युमरेट होताना एफएडीएच२, आणि मॅलेट परत ऑक्झॅलोॲसिटेट होताना तिसरा एनएडीएच. एका फेरीत ३ एनएडीएच, १ एफएडीएच२, १ जीटीपी. एका ग्लुकोजमागे दोन फेऱ्या.

इथे ग्लुकोजचे सहाही कार्बन बाहेर पडले: २ जोड अभिक्रियेत, ४ चक्रात. ऑक्सिजन मात्र अजून कुठेच वापरला गेलेला नाही. ‘ऑक्सिजन कार्बनला जोडून कार्बन डायऑक्साइड होतो’ असं अर्ध्या वर्गाने लिहिलं होतं. श्वासातल्या ऑक्सिजनचं होतं पाणी, आणि तेही पुढच्या टप्प्यात.

इलेक्ट्रॉन वहन साखळी. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलात चार संकुलं बसलेली आहेत. एनएडीएच आपले इलेक्ट्रॉन पहिल्या संकुलाला देतो, एफएडीएच२ दुसऱ्याला. तिथून युबिक्विनोन, तिसरं संकुल, सायटोक्रोम सी, चौथं संकुल आणि शेवटी ऑक्सिजन. सायनाइड या चौथ्या संकुलावरच बसतं. मग ऑक्सिजन भरपूर असूनही पेशीला तो वापरता येत नाही.

इलेक्ट्रॉन उतरताना पहिलं संकुल ४, तिसरं ४ आणि चौथं २ प्रोटॉन पटलाबाहेर ढकलतं. दुसरं एकही ढकलत नाही. म्हणून एनएडीएचमागे १० प्रोटॉन, एफएडीएच२मागे ६. बाहेर तुंबलेले प्रोटॉन एटीपी सिंथेजमधून परत आत येतात, त्याचं चाक फिरतं आणि एटीपी बनतं. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी भरून ठेवतो आणि मग नळाला जोर येतो, तसंच. ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली, तेव्हा फार थोड्यांना पटली. १९७८ साली त्यांना नोबेल मिळालं.

वटवण्याचा दर इथूनच निघतो. एक एटीपी बनवून मॅट्रिक्सबाहेर पोचवायला साधारण ४ प्रोटॉन लागतात. १० भागिले ४ म्हणजे २.५; ६ भागिले ४ म्हणजे १.५. जुन्या हिशेबात हेच दर ३ आणि २ असे पूर्णांकात धरले जायचे. तुमच्या शालेय पुस्तकात जुना दर आहे, कॉलेजच्या जीवरसायनशास्त्रात नवा. पेपरात पुस्तकाचा दर वापरा, पण खरा कुठला ते माहीत असू द्या.

| टप्पा | कुठे | थेट एटीपी | एनएडीएच | एफएडीएच२ | एकूण, जुना दर | एकूण, नवा दर |
|---|---|---|---|---|---|---|
| ग्लायकोलिसिस | पेशीद्रव्य | २ (निव्वळ) | २ | ० | ८ | ७ |
| जोड अभिक्रिया | मॅट्रिक्स | ० | २ | ० | ६ | ५ |
| क्रेब्ज चक्र | मॅट्रिक्स | २ | ६ | २ | २४ | २० |
| बेरीज | | ४ | १० | २ | ३८ | ३२ |

साखळीची वेगळी ओळ मुद्दाम दिलेली नाही. तिचे ३४ (नव्या दराने २८) शेवटच्या दोन रकान्यांत आधीच धरलेले आहेत. बहात्तरवाल्याने ३८ मध्ये ते ३४ पुन्हा मिळवले: एकच हुंडी दोनदा वटवली.

आणि ३६ किंवा ३० कुठून येतात? ग्लायकोलिसिसचे २ एनएडीएच पेढीबाहेर, पेशीद्रव्यात तयार होतात आणि आतलं पटल त्यांना थेट आत घेत नाही. त्यांचे इलेक्ट्रॉन दलालामार्फत जातात. यकृत आणि हृदयात मॅलेट-ॲस्पार्टेट हा दलाल आहे, तो काही कापून घेत नाही. ग्लिसरॉल फॉस्फेटचा मार्ग मात्र तेच इलेक्ट्रॉन एफएडीएच२ च्या भावाने वटवतो, म्हणून एकूण २ एटीपी कमी मिळतात.

घरी सोडवा. एक पायरुव्हेट जोड अभिक्रियेपासून पूर्ण जाळला तर किती एटीपी? बघण्याआधी स्वतः मांडा: ४ एनएडीएच, १ एफएडीएच२, १ जीटीपी. जुन्या दराने १५, नव्या दराने १२.५.