व्यवस्थापक समितीच्या सभा, एप्रिल २०२६ ते मार्च २०२७

पुणे, २८ मार्च २०२६

समितीच्या सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार,

नव्या आर्थिक वर्षाचे सभांचे वेळापत्रक देत आहे. ठरल्याप्रमाणे दर महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी ७ वाजता, सोसायटीच्या कार्यालयात.

| तारीख | विषयपत्रिका |
|---|---|
| ११ एप्रिल | थकबाकीची यादी. वर्षअखेरची शिल्लक |
| ९ मे | वार्षिक हिशेबपत्रके मंजुरीसाठी, मालमत्ता कर, गच्चीवरचे पाण्याचे पाइप साफ करणे |
| १३ जून | लेखापरीक्षकांच्या शंका. अग्निशमन यंत्रणेची तपासणी |
| ११ जुलै | लेखापरीक्षण अहवाल. अग्निशमनाचा जुलैचा फॉर्म बी. गळतीच्या तक्रारी |
| ८ ऑगस्ट | वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस व अहवाल मंजूर करणे |
| १२ सप्टेंबर | वार्षिक सभेची तयारी. गणपतीचा मांडव व वीज |
| १० ऑक्टोबर | वार्षिक सभेतील ठरावांची अंमलबजावणी |
| १४ नोव्हेंबर | थकबाकीदारांना नोटिसा |
| १२ डिसेंबर | लिफ्टचा देखभाल करार |
| ९ जानेवारी | अग्निशमनाचा जानेवारीचा फॉर्म बी. रंगकामाची कोटेशन |
| १३ फेब्रुवारी | पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक, देखभाल शुल्क |
| १३ मार्च | अंदाजपत्रक मंजुरी. सुरक्षारक्षकांचा करार |

मागचे इतिवृत्त आणि महिन्याचा जमाखर्च प्रत्येक सभेत आहेच, म्हणून तो वेगळा लिहिलेला नाही.

ऑगस्टकडे नीट लक्ष द्या. १ तारखेलाच शनिवार आहे, त्यामुळे दुसरा शनिवार ८ तारखेचा. भिंतीवरचे कॅलेंडर पाहून १५ धरू नका. तीच सभा मला वर्षातली सर्वांत महत्त्वाची वाटते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायलाच हवी आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी सभासदांच्या हाती पडावी लागते. आपण रविवार, २७ सप्टेंबर ठरवला आहे. नोटिशीचा विषय १२ सप्टेंबरवर ठेवला असता तर एक दिवसही हाताशी उरला नसता, त्यात १४ तारखेला गणपती बसतात, म्हणून मसुदा ऑगस्टमध्येच पक्का करून छापायला द्यायचा.

नोव्हेंबरमधील सभा भाऊबीजेनंतर तीन दिवसांनी येते. गावी जाणाऱ्यांनी आधी कळवावे, गणपूर्ती होत नसेल तर तारीख बदलू. आणखी एक: दुसऱ्या शनिवारी बँका बंद असतात, तेव्हा खजिनदारांनी पासबुक शुक्रवारीच भरून आणावे.

तारखा हाताने मोजलेल्या नाहीत. शीटमध्ये A2 ला १ एप्रिल २०२६ ही तारीख टाकून पुढील सूत्रे खाली ओढली आहेत:

```
A3: =EDATE(A2,1)
B2: =A2+14-WEEKDAY(A2)
```

पुढच्या वर्षी जो कोणी सचिव असेल त्याने फक्त A2 बदलावे; विषयांचा स्तंभ मात्र त्या वर्षाच्या कामांप्रमाणे नव्याने लिहावा.

एखादा विषय घालायचा असेल तर सभेच्या आधीच्या रविवारपर्यंत मला लेखी द्या.

आपली,
सचिव