‘चाल गा पाउला’ : ज्येष्ठ वद्य सप्तमीला पहाटे ५ वाजता येतोय नवा अभंग

राम कृष्ण हरी मंडळी!

तुकोबांची पालखी देहूतून निघते त्याच दिवशी, ज्येष्ठ वद्य सप्तमीला, पहाटे ५ वाजता माझा नवा अभंग ‘चाल गा पाउला’ यूट्यूबवर आणि गाण्यांच्या सगळ्या ॲपवर ऐकायला मिळेल. दुसऱ्या दिवशी माउली आळंदीतून प्रस्थान ठेवतील, तोवर तुमच्या दिंडीला ध्रुपद पाठ झालेलं असावं, एवढीच इच्छा.

थोडी चव आत्ताच घ्या:

चाल गा पाउला । टाळाच्या संगती ।
नको घेऊ गती । तालाविण ॥

नीरेचिया काठी । धुतले चरण ।
सुटले स्मरण । घराचेही ॥

कपाळीचा बुक्का । घामात वाहिला ।
तरीही राहिला । विठू भाळी ॥

रचना नवी आहे, पण छंद जुनाच, मोठ्या अभंगाचा: सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. शेवटी नाममुद्रा मुद्दाम ठेवलेली नाही. आजच्या ओळींना ‘तुका म्हणे’ जोडणं मला पटत नाही. दुसऱ्या कडव्यातली नीरा म्हणजे वाल्ह्याहून लोणंदकडे जाताना माउलींच्या पादुकांना जिथे स्नान घालतात ती.

हे गाणं बसून ऐकायला चालेलच, पण बांधलंय चालण्यासाठी. भजनी ठेका, आठ मात्रा, मात्रेला एक पाऊल. सुरुवात मिनिटाला ८४ मात्रांनी होते, शेवटच्या गजरात लय ११२ वर जाते, आणि ही वाढ गजर सुरू झाल्यावरच होते. एरवी काय होतं ते टाळकऱ्यांना ठाऊक आहे: दुसऱ्या कडव्यालाच टाळ पुढे पळतात, पखवाज त्यांच्या मागे धावतो, आणि तिसऱ्या कडव्यात शब्द गिळले जातात. म्हणून ध्रुपदातच सांगून टाकलंय, ‘नको घेऊ गती तालाविण’.

राग भीमपलास. चढताना रे आणि ध घ्यायचे नाहीत, नि सा ग म प असंच जायचं; उतरताना दोन्ही येतात. चढताना ध लागला की चाल काफीकडे सरकते, आणि समूहात हे हमखास होतं. एकाचा लागला की दहाजणांचा लागतो! तार सा फक्त बुक्क्याच्या कडव्यात आहे, बाकी सगळं मध्य सप्तकात. ज्यांनी कधी शिकून गायलेलं नाही त्यांनाही झेपेल.

मूळ गाणं ६ मिनिटं ४० सेकंदांचं, माझी पट्टी काळी चार. सोबत भजनी मंडळांसाठी नुसत्या वाद्यसाथीचे दोन ट्रॅक देतेय: महिला मंडळांना काळी चार, पुरुष मंडळांना काळी एक. दोन्ही वेगळे वाजवून घेतलेत. ॲपमध्ये पट्टी खालीवर केली की टाळांचा आवाज पत्र्यासारखा होतो, म्हणून तो उद्योग कृपया नको. ट्रॅकच्या सुरुवातीला नुसत्या टाळांची दोन आवर्तनं आहेत. सोळा मात्रा मोजा आणि सतराव्या मात्रेला ‘चाल’ उचला.

साथीचा ट्रॅक मंडपात लावायचा असेल तर फोन मिक्सरला वायरनेच जोडा. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो. फोनच्या पडद्यावर बघून उचललंत तर पहिल्याच समेला चुकामूक. कर्ण्यावर पखवाजाचा धुमा जवळजवळ ऐकूच येत नाही, तेव्हा पखवाजी असेल तर प्रत्यक्षच वाजवू द्या. रस्त्यावर वारा-उन्हानं कणीक सुकते आणि डावी बाजू चढते, एवढं सांभाळा. ओलं फडकं हाताशी असू द्या.

वाटेत गर्दीत नेटवर्क जातं. त्यामुळे निघण्याआधी घरीच, वायफायवर, गाणं डाउनलोड करून ठेवा. शोधताना ‘चाल गा पाउला अभंग’ असं मराठीत टाका. पहिल्यांदा शक्यतो हेडफोन लावून ऐका. पाच टाळजोड वेगळ्या खोलीत वाजवून घेतलेत, नाहीतर ते गायनाच्या माइकमध्ये शिरतात आणि शब्द झाकतात. फोनच्या छोट्या स्पीकरवर हा फरक कळणार नाही, पखवाजाचा धुमा तर नाहीच.

भजनात, कीर्तनात, दिंडीत गायला कुणाचीही परवानगी लागणार नाही. चारही कडव्यांचे पूर्ण शब्द गाण्याखाली मोठ्या अक्षरात दिले आहेत, छापून वाटा. तुमच्या मंडळाने गायलं की ध्वनिमुद्रणाची लिंक त्याखालीच टाका. काळी एकमध्ये तार सा कसा लागतोय ते मला विशेष ऐकायचंय.

सप्तमीला पहाटे ५. गजर लावून ठेवा, आणि गाणं सुरू झालं की उभे राहा.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!