पाण्यात उडी घेणारा रातकिडा : परजीवीकडून यजमानाच्या वर्तनात होणारा बदल

परजीवी यजमानाच्या शरीरातून अन्न घेतो आणि त्याला दुबळा करतो, एवढ्यावर त्यांचे नाते संपत नाही. काही परजीवींच्या बाबतीत यजमानाचे वर्तनही बदलते, आणि तो बदल यजमानाच्या नव्हे तर परजीवीच्या फायद्याचा ठरतो. परिस्थितिकीत याला यजमानाच्या वर्तनाचे नियंत्रण म्हणतात. ही संज्ञा वापरताना मात्र जपून राहावे लागते, कारण आजारी प्राणी निरोगी प्राण्यापेक्षा वेगळा वागणारच. तो मंद होतो, खात नाही, लपून राहतो. अशा प्रत्येक बदलाला नियंत्रण म्हटले, तर त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही. नियंत्रण म्हणायचे असेल तर निदान दोन गोष्टी दाखवता आल्या पाहिजेत. बदललेल्या वर्तनामुळे परजीवीचे जीवनचक्र पुढे सरकण्याची शक्यता वाढली पाहिजे, आणि तो बदल परजीवी त्या टप्प्यासाठी तयार होण्याच्या वेळेशी जुळला पाहिजे. या दोन्ही कसोट्या केशकृमी आणि रातकिडा यांच्या उदाहरणाला लावून पाहता येतात.

केशकृमी हा धाग्यासारखा बारीक, तपकिरी आणि लांब कृमी आहे. घोड्याच्या शेपटीचा केस पाण्यात पडला की त्याचाच हा प्राणी होतो, अशी युरोपात जुनी समजूत होती. कृमी पाहिला की ती समजूत का रुजली असावी हे लगेच कळते. प्रौढ केशकृमी पाण्यात राहतो, काही खात नाही आणि केवळ प्रजननासाठी जगतो. मादी पाण्यात अंडी घालते. त्यांतून निघालेल्या सूक्ष्म अळ्या पाण्यातल्या कीटकांच्या पिलांच्या शरीरात शिरतात आणि तेथे कवच करून थांबतात. पुढे त्या पिलांना पंख फुटतात आणि ती पाण्याबाहेर पडतात, तेव्हा आतल्या अळ्याही त्यांच्याबरोबर जमिनीवर येतात. असा मेलेला किंवा जिवंत कीटक रातकिड्याने खाल्ला की अळीला तिचा खरा यजमान मिळतो. रातकिड्याच्या शरीरपोकळीत ती आठवड्यामागून आठवडे वाढत जाते, त्वचेतून अन्न शोषते आणि शेवटी जवळजवळ सारी पोकळी व्यापून टाकते. एक-दोन सेंटिमीटरच्या रातकिड्याच्या पोटात दहा सेंटिमीटरहून लांब कृमी गुंडाळी करून बसलेला असतो.

येथेच कृमीची अडचण सुरू होते. त्याची वाढ जमिनीवर झाली, पण जोडीदार मात्र पाण्यात आहे. रानातला रातकिडा एरवी पाण्यात शिरत नाही, आणि कृमीला स्वतःहून तेथे जाता येत नाही.

दक्षिण फ्रान्समध्ये एका जंगलालगतच्या पोहण्याच्या तलावाभोवती रात्री केलेल्या निरीक्षणांवर आधारलेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. झाडीतून बाहेर आलेले रातकिडे तलावाच्या काठापर्यंत येत आणि पाण्यात उडी घेत. उडीनंतरचा प्रसंग थोडक्यात असा : रातकिडा पृष्ठभागावर पाय झाडत राहतो, त्याच्या पोटाच्या टोकातून तपकिरी धागा बाहेर डोकावतो, वळवळत लांबत जातो आणि शेवटी सुटा होऊन पाण्यात निघून जातो. रिकामा झालेला रातकिडा अनेकदा बुडतो. याच अभ्यासातील प्रयोगांत एक बारकावा दिसला, जो या विषयावरच्या लोकप्रिय लेखनात सहसा गाळला जातो. बाधित रातकिडे दुरून पाण्याचा माग काढत आले नाहीत. आधी त्यांचे फिरणे सैरभैर झाले, नेहमीची जागा सोडून ते भटकू लागले, आणि योगायोगाने पाण्यापाशी पोचल्यावर आत शिरले. म्हणजे कृमी रातकिड्याला पाण्याचा रस्ता दाखवत नाही. भटकणे वाढते आणि काठावरची टाळाटाळ नाहीशी होते, एवढेच त्याच्या कामाला पुरते. माझ्या मते हे दिशा दाखवण्यापेक्षा कमी आश्चर्यकारक नाही, कारण थोड्या बदलातून मोठे काम साधणेच नैसर्गिक निवडीत टिकण्याची शक्यता अधिक.

वर्तन बदलते कसे, याचे धागेदोरे रातकिड्याच्या मेंदूत सापडतात. उडीच्या काळात बाधित रातकिड्याच्या मेंदूतील प्रथिनांचा संच निरोगी रातकिड्यापेक्षा वेगळा असतो, आणि यजमानाच्या काही प्रथिनांशी साम्य असणारी प्रथिने कृमी स्वतः तयार करतो. शिवाय बाधित रातकिडे प्रकाशाकडे ओढले जातात, तर निरोगी रातकिडे तो टाळतात. रात्रीच्या जंगलात मोकळे पाणी भोवतालापेक्षा उजळ दिसते, त्यामुळे या ओढीला अर्थ येतो. कृमी बाहेर पडल्यावर वाचलेल्या रातकिड्यांत ही ओढ मावळते. वर्तनातला बदल कृमीच्या पक्वतेबरोबर येतो आणि कृमी गेल्यावर ओसरतो, म्हणून त्याला केवळ सर्वसाधारण आजारपण म्हणणे कठीण जाते.

पाण्यात मासे आणि बेडूक असतात, हा धोका उरतोच. रातकिड्याला खाल्ले तर आतला कृमीही संपावा. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत मात्र गिळलेल्या रातकिड्यातून निघालेला कृमी माशाच्या तोंडातून किंवा कल्ल्यांतून, तसेच बेडकाच्या तोंडातून बाहेर पडून पोहत गेला. मासा हा या कृमीचा यजमान नाही. माशाच्या पोटात पोचण्यासाठी यजमानाला शिकार होऊ देणारे अनेक परजीवी आहेत. येथे उद्दिष्ट केवळ पाणी आहे आणि मासा हा वाटेतला अडथळा आहे.

पण परिस्थितिकीच्या दृष्टीने हा अडथळाच सर्वांत महत्त्वाचा ठरतो. जपानमधील डोंगरी ओढ्यांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाधित रातकिडे व नाकतोडे ओढ्यात शिरण्याची शक्यता निरोगी कीटकांपेक्षा सुमारे 20 पट असल्याचे आढळले, आणि तेथील ट्राउट कुळातील माशांना वर्षभरात मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे 60 टक्के ऊर्जा या पाण्यात पडलेल्या कीटकांतून आली. जंगलात वाढलेल्या कीटकांतील ऊर्जा कृमीच्या प्रजननाच्या गरजेपोटी ओढ्यात उतरत होती. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ओढ्यात पडणारे रातकिडे अडवले गेले. तेव्हा मासे तळाशी राहणाऱ्या जलकीटकांवर तुटून पडले. हे जलकीटक दगडांवरचे शेवाळ खातात आणि पाण्यात पडलेली पाने कुरतडतात. त्यांची संख्या घटल्याने शेवाळाचे वस्तुमान जवळपास दुप्पट झाले आणि पाने कुजण्याचा वेग सुमारे 30 टक्क्यांनी मंदावला. अन्नजाळ्याच्या सर्वसाधारण आकृतीत केशकृमीला बाण सोडाच, साधा चौकोनही नसतो. या ओढ्यांची आकृती काढायची झाली तर जंगलाकडून पाण्याकडे जाणारा सर्वांत जाड बाण त्याच्या नावावर काढावा लागेल.