साधी यंत्रे: बाकावरच करून पाहू

तरफ. षट्कोनी पेन्सिल बाकावर ठेवा. गोल पेन्सिल घरंगळते. ३० सेंमीची पट्टी १५ च्या खुणेवर तिच्यावर तोला. पेन्सिल हा टेकू. एका बाजूला टेकूपासून ४ सेंमीवर एकसारखी तीन नाणी ठेवा. दुसऱ्या बाजूला १२ सेंमीवर एकच नाणे पुरते! कारण ३ × ४ = १ × १२. मग ६ सेंमीवर किती नाणी लागतील? आधी वहीत लिहा, मगच ठेवून पाहा.

कप्पी आणि उतरण. दोऱ्याचे रिकामे रीळ पेन्सिलीत ओवले की झाली कप्पी. दोघांनी पेन्सिल घट्ट धरा. उतरणीसाठी फळीचे एक टोक पुस्तकांच्या १५ सेंमी उंच चळतीवर टेकवा. खेळण्यातली गाडी ताणकाट्याने सावकाश, एकाच वेगाने ओढा. एका गटाची नोंद अशी:

| कृती | ताणकाटा (ग्रॅम-भार) |
|---|---|
| गाडी सरळ उचलली | २०० |
| रिळावरून दोरी खाली ओढली | २४० |
| ३० सेंमी फळीवरून ओढली | ११० |
| ६० सेंमी फळीवरून ओढली | ६० |

रिळाने बल वाचले नाही, उलट घर्षणामुळे वाढले. तरी विहिरीवर रहाट असतो, कारण खाली ओढताना अंगाचे वजन कामी येते; स्थिर कप्पी फक्त बलाची दिशा बदलते. उतरणीवर मात्र बल कमी लागले, पण अंतर वाढले. घर्षण नसते तर ६० सेंमी फळीवर २०० × १५ ÷ ६० = ५० आले असते.

गृहपाठ: अडकित्त्यात टेकू, भार आणि बल कुठे असते, ते आकृतीत दाखवा.