बालाजी, दहा वर्षं झाली

बालाजी,

सकाळी मशीनची पूजा करताना तू काय म्हणालास? "दत्ता, ह्या रोलरची धार गेली, दिवाळीआधी बदलू." दहा वर्षं पूर्ण झाली आज, अन् ह्या माणसाला सुचला रोलर! मला सकाळीच बोलायचं होतं. तुझ्या तोंडावर जमलं नाही, म्हणून लिहितोय.

२०१५ च्या दसऱ्याला आपण नारळ फोडला तेव्हा तूरडाळ दोनशेच्या घरात होती. लातुरात अजून एक डाळमिल कशाला, असं तुझ्या मामांसकट सगळ्यांनी विचारलं होतं. ते सोड. मला बोलायचंय ते पुढच्या उन्हाळ्याचं.

मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. तूर भिजवायला टँकर मिळेना, मिल आठवड्यातून दोन दिवस चालायची. मी हिशोब मांडला, प्यायलाच पाणी नाही तर तूर कुठून पिकणार? भाव अजून चढणार. तू म्हणालास, "पाऊस पडला तर?" मी ऐकलं नाही. नऊ हजारांनी १२० क्विंटल तूर घेऊन थप्पी लावली. पाऊस पडला, अन् असा पडला की गावोगाव तुरीच्या राशी लागल्या. हमीभाव बोनस धरून ५०५०, अन् आडतीवर त्याच्याही खाली सौदे. आपली तूर ४६०० च्या हिशोबानं गेली. पाच लाखांच्या वर खड्डा.

त्या रात्री तू वही मिटलीस, चहा सांगितलास अन् विचारलंस, "चुनीचे पैसे कुणाकडं राहिलेत?" बस. "मी म्हणलो होतो" हे तीन शब्द मी तेव्हापासून ऐकायची वाट बघतोय. भांडणात सुद्धा तुझ्या तोंडून आले नाहीत, अन् भांडणं आपली काय कमी झाली का! मोठ्या चाळणीवरून तर तू महिनाभर माझ्याशी फक्त मुनीमजींमार्फत बोलत होतास.

तुझ्यामुळं मी तूर दातानं बघायला शिकलो. दाणा चावायचा, कट्ट आवाज आला तर वाळली, दबला तर अजून एक ऊन. मॉइश्चर मीटर आणला तरी तू आधी चावतोसच, मग मीटरला विचारतोस.

खड्डा भरायला दोन वर्षं गेली. त्यात वहिनींनी घरखर्चाचे पैसे उशिरा मिळाले म्हणून मला कधी टोमणा मारला नाही, हेही मी विसरलेलो नाही. त्यांना सांग.

आभारी आहे, बालाजी. खरंच.

संध्याकाळी पोरांना घेऊन सोनं द्यायला येतो. रोलर सोमवारी बदलून टाकू, ह्यावेळी तू म्हणतोस तोच घेऊ.

तुझा,
दत्ता